उपाशी राहून सुजलेला अंगठा, जेवून उतरलेले वजन

माझ्या वजनाच्या वहीत आषाढी द्वादशीच्या पानावर दोन नोंदी शेजारी-शेजारी आहेत. पहिली ‘८७.८ किलो’ ही आहे आणि तिच्याखाली मी समाधानाने रेघ ओढली होती. दुसरी नोंद त्याच दिवशी पहाटे चार वाजता केलेली असून तिथे फक्त ‘उजवा अंगठा’ एवढेच लिहिले आहे. पाच आठवड्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरवल्याचा आनंद आणि पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी उसळलेली वेदना या दोन गोष्टी एकाच कारणातून आल्या होत्या, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ते समजल्यानंतर मी दुसऱ्यांदा वजन कमी केले, या वेळी सावकाश आणि पोटभर जेवून. दोन्ही प्रयत्नांत नेमके काय खाल्ले, काय चुकले आणि काय सुधारले, ते इथे लिहीत आहे.

मी सांगलीत मार्केट यार्डातील एका बेदाण्याच्या अडत दुकानात काम करतो. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत वजन ९४ किलो होते. रक्तदाबाची गोळी तीन वर्षांपासून सुरू होती. जानेवारीच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड ८.४ आले. गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साचून सांधा अचानक सुजण्याच्या आजाराचा, झटका त्याआधी दोनदा येऊन गेला होता. पहिला गावच्या जत्रेतील मटणाच्या जेवणानंतर आणि दुसरा दिवाळीत. दोन्ही वेळा वेदनाशामक गोळ्या घेऊन आठवडाभरात बरे वाटले आणि विषय तिथेच थांबला.

झटका येऊन गेलेल्या माणसाला सल्ले पुष्कळ मिळतात. मलाही डाळी बंद करा, मटकी-मूग बंद करा, पालक बंद करा, आंबट म्हणून दही आणि ताकसुद्धा बंद करा, असे सांगण्यात आले आणि मी ते सगळे पाळले. परिणाम असा झाला की शाकाहारी माणसाच्या ताटातून प्रथिने देणारे जवळजवळ सर्व पदार्थ मी स्वतःच्या हाताने काढून टाकले. मग प्रथिनांसाठी उरले ते चिकन. जून महिन्यात वजन कमी करायचे ठरवले, तेव्हा मी दिवसातून एकदाच, रात्री, जेवू लागलो. त्या एका जेवणात सुमारे ४०० ग्रॅम उकडलेले चिकन, काकडी आणि ज्या पाण्यात चिकन उकडले त्याचे मीठ-मिरी घातलेले सूप असे. भाकरी आणि भात पूर्ण बंद. दिवसभर काळा चहा. पाणी मोजत नव्हतो, पण दुकानातील गर्दीत चार-पाच पेल्यांपलीकडे गेले नसावे.

वजन झपाट्याने उतरले. पहिल्या दहा दिवसांत तीन किलो गेले. त्याबरोबर आणखीही एक बदल झाला, ज्याकडे मी लक्ष दिले नाही. आमच्याकडे बेदाण्याचे १५ किलोंचे बॉक्स असतात. एरवी मी असे दोन बॉक्स एकावर एक सहज उचलत असे. जुलैच्या सुरुवातीला एक बॉक्स छातीपर्यंत नेताना हात थरथरू लागले. वजनकाट्यावर जे कमी होत होते, त्यात चरबीबरोबर शरीरातील पाणी आणि स्नायूही होते, याची ती खूण होती.

आषाढी एकादशीला आमच्या घरात सगळेच उपवास करतात. साबुदाण्याने वजन वाढेल म्हणून मी त्या दिवशी काहीच खाल्ले नाही आणि पाणीही संध्याकाळी एकदाच प्यायलो. आदल्या रात्रीच्या जेवणापासून तीस तास पोट रिकामे होते. द्वादशीच्या पहाटे अंगठ्याच्या सांध्यात ठणका सुरू झाला आणि तासाभरात सांधा लाल, गरम आणि ताठ झाला. पायावरची चादरही सहन होईना म्हणून पत्नीने पायाच्या दोन्ही बाजूंना उशा ठेवून त्यांच्यावर चादर टाकली.

त्या दिवशी सकाळीच जवळच्या प्रयोगशाळेत रक्त दिले. अहवालात युरिक अ‍ॅसिड ६.६ आले आणि त्यापुढे ‘सामान्य’ असे छापलेले होते. त्या आकड्यामुळे मी दोन दिवस वाया घालवले. हा गाउट नसून मुरगळले असेल असे समजून मी पाय शेकत राहिलो, आणि शेकण्याने सूज वाढली. शेवटी मिरजेतील एका संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा त्या अहवालाबद्दलचा गैरसमज दूर केला. झटका चालू असताना रक्तातील युरिक अ‍ॅसिड तात्पुरते खाली येऊ शकते, त्यामुळे त्या दिवसांतला आकडा सामान्य आला म्हणून गाउट नाही असे ठरत नाही. खरा आकडा पाहायचा असेल तर झटका शमल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. मी तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा तो ९.१ आला. म्हणजे सहा किलो वजन कमी करूनही तो जानेवारीपेक्षा वाढला होता.

त्यांनी मला ताप आहे का, हेही आवर्जून विचारले. सांधा लाल आणि गरम असताना थंडी वाजून ताप येत असेल, तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते, घरी थांबून चालत नाही. मला ताप नव्हता. त्यांनी सांध्याची सूज उतरवणाऱ्या कोल्चिसिन या औषधाचा ठरावीक मात्रेतला उपचार दिला, शेकण्याऐवजी बर्फ लावायला सांगितले, आणि मग पुढच्या भेटीत मी जूनपासून काय खाल्ले ते सविस्तर विचारले.

मी माझी वही पुढे केली. ती वाचून त्यांनी जे समजावले, त्याने माझी संपूर्ण समजूत बदलली, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो. आपल्या शरीरातील युरिक अ‍ॅसिडपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग अन्नातून येतच नाही, तो शरीरातील जुन्या पेशींच्या विघटनातून तयार होतो. उरलेला सुमारे एक-तृतीयांश अन्नातील प्युरिन नावाच्या घटकांपासून येतो. तयार झालेले युरिक अ‍ॅसिड मुख्यत्वे मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि बहुतेक रुग्णांची अडचण जास्त तयार होण्यापेक्षा कमी बाहेर पडण्याची असते. रक्तातील प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की ते विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही आणि सांध्यांत, विशेषतः पायाच्या थंड भागांत, त्याचे सुईसारखे स्फटिक साचू लागतात.

आता उपाशी राहिल्याने काय होते ते पाहू. दीर्घकाळ पोटात काही गेले नाही आणि भाकरी-भातही बंद असला, की शरीर चरबी जाळून किटोन नावाचे पदार्थ तयार करते. हे किटोनही मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतात आणि तिथे युरिक अ‍ॅसिडच्या वाटेत येतात. मी ते माझ्या कामाच्या भाषेत असे लक्षात ठेवले: यार्डाच्या एकाच दारातून दोन प्रकारचे ट्रक बाहेर पडायचे असतील आणि एका प्रकारच्या ट्रकांची रांग लागली, तर दुसरे आतच अडकून पडतात. त्यात पाणी कमी असेल तर लघवी कमी होते आणि दार आणखी अरुंद होते. शिवाय स्नायू झिजतात तेव्हा त्यांच्या पेशींतूनही प्युरिन सुटते. माझ्या बाबतीत हे तिन्ही एकाच वेळी घडत होते आणि वरून रोज रात्री ४०० ग्रॅम चिकन व त्याचे सूप होतेच.

चरबी कमी केल्याने युरिक अ‍ॅसिड दीर्घकाळात खाली येते, ही गोष्ट मात्र खरीच आहे. पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचे प्रमाण वाढते आणि ते मूत्रपिंडांना युरिक अ‍ॅसिड धरून ठेवायला लावते. चरबी उतरली की हा अडथळा कमी होतो. “वजन कमी करणे योग्यच आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण तुम्ही तीन-चार महिन्यांचे काम पाच आठवड्यांत करायला गेलात. महिन्याला दीड-दोन किलोंच्या पुढे जाऊ नका आणि जेवण चुकवू नका.”

त्यांनी औषधांचा भाग आधी नीट केला. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते आणि ते युरिक अ‍ॅसिड वाढवते. गोळीच्या नावामागे असलेल्या एका ‘एच’ अक्षराचा अर्थ मला तीन वर्षांत कळला नव्हता. त्यांनी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून त्याऐवजी लोसार्टन सुरू केले, जे युरिक अ‍ॅसिड थोडे कमी करण्यास मदतच करते. (रक्तदाबाची गोळी कोणीही स्वतःहून थांबवू किंवा बदलू नये, हे मी कळकळीने सांगतो.) झटका पूर्ण शमल्यावर युरिक अ‍ॅसिड कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू झाले, ते टप्प्याटप्प्याने वाढवायचे होते, आणि सोबत सहा महिने कोल्चिसिनची रोजची लहान मात्रा. अंगावर पुरळ उठली तर अ‍ॅलोप्युरिनॉल लगेच थांबवून भेटायला या, अशी सक्त सूचना होती. केवळ पथ्याने युरिक अ‍ॅसिड साधारण एखाद्या अंकाने उतरते आणि मला ९.१ वरून ६ च्या खाली जायचे होते, म्हणून औषध लागणारच होते. आहाराचे काम झटके टाळत चरबी उतरवण्याचे होते.

प्रथिने किती घ्यायची, हे ठरवण्याआधी त्यांनी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडांचे काम ठीक असल्याची खात्री केली. ते ठीक नसते तर प्रथिनांचा आकडा वेगळा ठरला असता. माझ्यासाठी त्यांनी हिशेब आजच्या वजनावर न करता उंचीला साजेशा ७० किलोंवर केला: दर किलोला १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८४ ग्रॅम. प्रश्न होता तो एवढी प्रथिने कमी प्युरिनच्या पदार्थांतून आणायची कशी, हा.

इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला, कारण मी जे पदार्थ सोडले होते तेच परत घ्यायला सांगितले गेले. दूध, दही, ताक आणि अंडी यांत प्युरिन जवळजवळ नसतेच. दुधातील प्रथिने तर युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्यास मदत करतात. दही चवीला आंबट असल्यामुळे रक्तातील अ‍ॅसिड वाढेल, या समजुतीला काहीही आधार नाही. डाळींबद्दल त्यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा दाखला दिला. अमेरिकेतील सुमारे ४७ हजार पुरुषांचा आहार बारा वर्षे नोंदवल्यावर असे दिसले की मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाउट वाढला, कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ घेणाऱ्यांत कमी झाला, आणि प्युरिन असलेल्या भाज्या व कडधान्यांमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. म्हणून दिवसाला एक-दोन वाट्या आमटी-उसळ निर्धास्त खायची, फक्त सगळी प्रथिने त्यातूनच आणण्याचा अट्टाहास करायचा नाही.

चिकनच्या सुपाबद्दल ऐकून पत्नीही अस्वस्थ झाली. प्युरिन पाण्यात विरघळते. मांस उकडले की त्यातील बराच भाग पाण्यात उतरतो, तर प्रथिने मुख्यतः तुकड्यांतच राहतात. आरोग्यासाठी म्हणून जे सूप मी रोज पीत होतो, त्यात प्रथिने नाममात्र आणि प्युरिन भरपूर होते. “अहो, म्हणजे रविवारच्या मटणाची अळणी तुम्ही वाटीवाटीने प्यायचात, ती तर त्याहून दाट,” ती म्हणाली. खरे होते. आमच्या भागात मटणाच्या जेवणात अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, आणि पांढरा रस्सा यांचा मान तुकड्यांपेक्षा मोठा आहे, आणि जत्रेतल्या त्या पहिल्या झटक्याआधी मी त्याच्याच चार-पाच वाट्या घेतल्या होत्या. त्यानंतर घरात असा नियम झाला की मटण महिन्यातून दोनदा, १०० ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्यासाठी तुकडे अळणीतून काढून वेगळ्या मसाल्यात परतलेले. काळीज, वजरी, पाया आणि सुकट मी कायमचे सोडले, कारण या पदार्थांत प्युरिनचे प्रमाण फार असते. चिकन आठवड्यातून एकदा, तेही १०० ते १२० ग्रॅम.

दूध आमच्याकडे म्हशीचे येत असे, त्याऐवजी गाईचे सुरू केले. ते तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी साय पूर्ण काढायची. त्या एक लिटर दुधाचे दही लावून, ते मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमधील जाळीवर एका पातेल्यात टांगल्यासारखे ठेवायचे. सकाळी तीनशे ग्रॅमच्या आसपास घट्ट चक्का निघतो. श्रीखंडाचाच चक्का, फक्त साखरेशिवाय. त्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. खाली जमलेली हिरवट निवळी आम्ही फेकत नाही, तिच्यात भाकरीचे पीठ मळतो. चक्क्यात किसलेली काकडी, जिरेपूड, मीठ आणि वरून जिरे-हिंगाची छोटी फोडणी घातली की रात्रीच्या जेवणात भाजीइतकेच भरीव काही ताटात येते. पहिल्या आठवड्यात मी दही पुरेसे आंबण्याआधीच बांधले आणि निम्मे फडक्यातून वाहून गेले. दही घट्ट लागल्यावर, चमचा उभा राहील इतपत, मगच बांधावे.

दिवसाचे जेवण असे बसले. सकाळी साय काढलेले पाव लिटर दूध, एका ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन अख्खी अंडी व दोन अंड्यांचा पांढरा भाग यांची भुर्जी. यातून ३२ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी डब्यात दोन भाकरी, एक भाजी, मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ आणि मोठी वाटी दही, म्हणजे २२ ग्रॅम. चार वाजता मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक, ८ ग्रॅम. रात्री आठच्या आत एक भाकरी, भाजी आणि त्या चक्क्याचे दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. बेरीज ८६ होते. भाकरी कुठल्याच जेवणातून काढलेली नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देतो, कारण किटोन तयार होऊ न देण्याचे काम तीच करते. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत बारा तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, हा दुसरा नियम. पाणी अडीच ते तीन लिटर, त्यासाठी दुकानात एक लिटरची बाटली ठेवली आणि ती दुपारच्या जेवणाआधी एकदा व संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांदा रिकामी करायची असे ठरवले.

एवढे जेवून वजन उतरेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. मग डॉक्टरांनी दिवसभरात जेवणाशिवाय तोंडात काय जाते, असे विचारले, आणि बेदाणे पुढे आले. सौद्याच्या दिवसांत प्रत्येक मालाचा नमुना हातात घेऊन दाबून पाहावा लागतो आणि गर, गोडी कळण्यासाठी चावावा लागतो. चावलेला बेदाणा थुंकण्याची पद्धत आमच्यात नाही, आणि काही दाणे बोलता बोलता शर्टाच्या खिशात जातात व तिथून तोंडात. एक दिवस मी खाण्याआधी प्रत्येक मूठ काट्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत बेरीज ११० ग्रॅम झाली. त्यात सुमारे ३३० कॅलरी होत्या आणि जवळजवळ ३० ग्रॅम फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचे वैशिष्ट्य असे की यकृतात त्याचे विघटन होताना युरिक अ‍ॅसिड तयार होते. बेदाण्यात प्युरिन नगण्य असूनही तो माझ्यासाठी रोजचा धोका होता, आणि पथ्याच्या कोणत्याही यादीत मला तो सापडला नव्हता. उसाचा रस, काकवी आणि थंड पेयांचेही हेच आहे. आता नमुन्याचे तीन-चार दाणे चावतो, उरलेले परत ठेवतो, आणि खिसा नसलेला सदरा घालतो. रोजच्या गरजेपेक्षा पाचशे कॅलरी कमी करायच्या होत्या, त्यांतल्या तीनशेच्या आसपास इथूनच निघाल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, झटक्यानंतर पुन्हा थोडे वाढून ८९.५ झालेल्या वजनावर मी सुरुवात केली. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरले. नवरात्रात आईने नऊ दिवस उपवास धरले, तेव्हा मी तिच्याबरोबर फक्त पहिला आणि शेवटचा उपवास केला, पण त्या दिवशी वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही आणि ताक असे चार वेळा खाल्ले. अंगठा शांत राहिला.

नोव्हेंबरात मात्र डाव्या घोट्यात दुखू लागले. अ‍ॅलोप्युरिनॉलची मात्रा ३०० वर गेली होती, युरिक अ‍ॅसिड ६.३ पर्यंत आले होते, पथ्य चोख होते, आणि तरीही घोटा सुजला. औषधच लागू पडत नाही असे वाटून मी एक दिवस गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “गोळी अजिबात थांबवू नका. पातळी खाली आली म्हणूनच सांध्यातले जुने स्फटिक विरघळून सुटत आहेत, आणि सुटताना ते दुखवतात.” कोल्चिसिन सहा महिने चालू ठेवण्याचे कारणही हेच होते. हा झटका तीन दिवसांत शमला आणि आषाढीतल्या झटक्याच्या तुलनेत सौम्य होता. त्या तीन दिवसांत चालणे बंद ठेवले, जेवण मात्र एकही चुकवले नाही. झटक्याच्या काळात भीतीने खाणे कमी केले तर तीच साखळी पुन्हा सुरू होते, हे आता माहीत होते.

जानेवारीत पाच आठवडे वजन ८४ वर अडकले. जूनमधला मी असतो तर जेवण अर्धे केले असते. या वेळी दुपारची एक भाकरी अर्धी केली, कृष्णेच्या घाटाकडे संध्याकाळचे चालणे वीस मिनिटांवरून चाळीसवर नेले आणि दुकानातले बॉक्स आठवड्यातून तीन दिवस, ठरवून, वीस-वीस वेळा उचलायला घेतले. एप्रिलच्या शेवटी वजन ८०.२ झाले आणि कमरेचा घेर १०४ वरून ९३ सेंटिमीटरवर आला. आठ महिन्यांत सव्वानऊ किलो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षाही कमी. दोन बॉक्स एकावर एक ठेवून मी पुन्हा उचलू शकतो, आणि गेले ते प्रामुख्याने चरबीचे वजन होते, हे मला काट्यापेक्षा त्यावरून जास्त पटते. युरिक अ‍ॅसिड मार्चमध्ये ५.४ होते.

कोल्चिसिन आता बंद झाले आहे, अ‍ॅलोप्युरिनॉल चालू आहे आणि ते दीर्घकाळ घ्यायचे आहे. यंदाच्या आषाढी एकादशीला सकाळी आठला ताक आणि केळे, बाराला वरई आणि दही, चारला मूठभर शेंगदाणे, रात्री पुन्हा दही आणि रताळे असा उपवास केला, तीन लिटर पाणी मोजून प्यायलो. द्वादशीच्या पहाटे सवयीने चारला जाग आली. मी पांघरुणातून पाय बाहेर काढून अंगठा हलवून पाहिला, पत्नीने अंधारातच “दुखतंय का हो?” असे विचारले, आणि मी नाही म्हणालो.